भरलेल्या फुफ्फुसाने रोखलेला श्वास: तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे एक प्रकरण

मराठवाड्यातील एका जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु विशेष काळजी कक्षात, म्हणजे एसएनसीयूत, मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. श्वासाचे आकडे, दाब आणि घटनांचा क्रम मात्र नोंदवहीत होते तसेच ठेवले आहेत.

## पार्श्वभूमी

ऊसतोडीच्या हंगामाहून गावी परतलेल्या एका मजूर महिलेला गरोदरपणाच्या तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. रुग्णालयात पोहोचेपर्यंत बराच वेळ गेला होता, त्यामुळे बाळाच्या फुफ्फुसांसाठी द्यायच्या स्टेरॉइडच्या चार मात्रांपैकी एकच देता आली. सकाळी ११ वाजता मुलगी जन्मली. तिचे वजन १,२८० ग्रॅम होते. जन्मल्याबरोबर रडली, पण अर्ध्या तासात कण्हू लागली आणि बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाऊ लागली. तिला बबल सीपॅपवर घेतले.

बबल सीपॅपमध्ये ऑक्सिजनमिश्रित हवा नाकातल्या दोन छोट्या नळ्यांमधून सतत आत जाते आणि बाहेर येणारी नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते. नळी पाण्यात जितके सेंटिमीटर खोल, तितका दाब बाळाच्या फुफ्फुसांवर कायम राहतो, असे आपण धरून चालतो. हे धरून चालणेच पुढे या प्रकरणात महत्त्वाचे ठरले, म्हणून ते इथेच सांगून ठेवतो.

सुरुवातीला दाब ६ सेंमी होता आणि ऑक्सिजन ४० टक्के. चौथ्या तासाला ऑक्सिजनची गरज ४५ टक्क्यांवर गेली, म्हणून दाब ७ केला, आणि पाचव्या तासाला श्वासनलिकेतून सर्फॅक्टंट दिले. औषधाचा गुण लवकर दिसला. रात्री दहापर्यंत ऑक्सिजन २५ टक्क्यांवर आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ साध्या हवेवर, म्हणजे २१ टक्क्यांवर, ९५-९६ची पातळी राखत होते. श्वासाची गती मिनिटाला ५८ होती. अकाली जन्मलेल्या बाळांचा श्वास मधेच थांबू नये म्हणून कॅफिन पहिल्याच दिवशी सुरू केले होते.

ऑक्सिजन उतरत गेला, पण दाब ७ वरच राहिला. तो का राहिला याचे कारण नोंदवहीत नाही. कोणी ठरवून ठेवला नव्हता आणि कोणी कमीही केला नव्हता.

## अडचण

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास बाटलीतले बुडबुडे अधूनमधून थांबत असल्याचे ड्युटीवरच्या सिस्टरच्या लक्षात आले. बाळाचे तोंड उघडे राहत होते आणि हवा तिथून निसटत होती. त्यांनी हनुवटीखालून मऊ पट्टी बांधली, तोंड मिटले आणि बुडबुडे सलग येऊ लागले. काम नेटके झाले होते आणि शिकवल्याप्रमाणेच झाले होते.

रात्री नऊनंतर श्वास थांबायला सुरुवात झाली. नऊ ते एक या चार तासांत तीन वेळा श्वास वीस सेकंदांच्या आसपास थांबला, ऑक्सिजनची पातळी ८० च्या खाली गेली आणि पायाला हलके चोळल्यावर श्वास पुन्हा सुरू झाला. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी याला अकाली जन्माचा ॲप्निया मानले. तसे मानण्यात काही वावगे नव्हते, कारण तीस आठवड्यांच्या बाळात पहिला विचार तोच येतो. त्यांनी रात्री एक वाजता दाब ७ वरून ८ केला, हवेचा प्रवाह मिनिटाला ६ लिटरवरून ८ लिटर केला आणि दीड वाजता शिरेतून कॅफिनची जादा अर्धी मात्रा दिली.

एक ते चार या तीन तासांत श्वास सात वेळा थांबला. दोनदा हृदयाचे ठोके मिनिटाला ८० च्या खाली गेले आणि एकदा अंबू बॅगने श्वास द्यावा लागला. सलग तीन मिनिटे मोजून काढलेली श्वासाची सरासरी गती आता ३४ होती. चार वाजता मला बोलावणे आले.

## पलंगापाशी काय दिसले

मी पोहोचलो तेव्हा आई काढलेले दूध घेऊन आली होती. आमच्या कक्षात आयांना बाळाजवळ बसू देतात, त्यामुळे ती संध्याकाळपासून बराच वेळ तिथेच होती. मी स्टेथोस्कोप लावत असताना ती हळूच म्हणाली, "सर, लेकरू दम आत ओढून तसंच बसतंय. सोडतच नाही."

हे वाक्य ऐकून मी स्टेथोस्कोप काढला आणि नुसता बघत उभा राहिलो. श्वास थांबलेल्या बाळाकडे आपण बहुधा मॉनिटरमधून पाहतो. आकडा पडतो, घंटा वाजते, आपण पाय चोळतो. थांबण्याच्या आधीच्या क्षणी छाती कशी होती, हे पाहायला सहसा कोणाला वेळ नसतो. इथे पुढच्या सहा मिनिटांत दोन विराम दिसले आणि दोन्ही एकसारखे होते. आधी एक बऱ्यापैकी मोठा श्वास आला, छाती वर गेली आणि वरच राहिली. पोटाचे स्नायू किंचित घट्ट झाले, जणू बाळ हवा बाहेर ढकलू पाहत होते. मग पंधरा-सतरा सेकंद काहीच हालचाल नाही. त्यानंतरचा श्वास आपणहून आला.

मेंदूच्या अपक्वतेमुळे येणाऱ्या विरामात छाती बहुधा खाली, सैल स्थितीत थांबते. घशात अडथळा असेल तर छाती हलत राहते, पण हवा जात नाही. इथे या दोन्हींपैकी काहीच नव्हते. छाती भरलेली होती आणि बाळ पुढचा श्वास घेण्याचा प्रयत्नच करत नव्हते.

आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. विराम नसताना बाळ २१ टक्के ऑक्सिजनवर ९७ ची पातळी राखत होते. फुफ्फुसे बिघडत असती तर ऑक्सिजनची गरज आधी वाढली असती.

## यामागची शरीरक्रिया

श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांच्या भिंतीतील मऊ स्नायूंमध्ये ताण ओळखणारे ग्राही असतात. फुफ्फुस फुगले की ते ताणले जातात आणि व्हेगस चेतातंतूंवाटे मेंदूच्या देठाला संदेश पाठवू लागतात. ताण टिकून राहिला तर हे संदेशही बराच काळ येत राहतात, कारण हे ग्राही सावकाश सरावतात. संदेशांचा मारा एका मर्यादेपलीकडे गेला की श्वास आत घेण्याची आज्ञा तोडली जाते आणि उच्छ्वास सुरू होतो. दुसरा परिणाम कमी सांगितला जातो, पण या प्रकरणात तोच कळीचा होता. फुफ्फुस फुगलेलेच राहिले तर उच्छ्वासाचा काळ लांबतो आणि पुढचा श्वास उशिरा येतो.

एवाल्ड हेरिंग आणि योसेफ ब्रॉयर यांनी १८६८ मध्ये व्हिएन्नात प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखवले. फुफ्फुस फुगवून धरले की प्राण्याचा श्वास थांबे, हवा काढून घेतली की तो लगेच श्वास घेई, आणि दोन्ही बाजूंचे व्हेगस कापले की हे दोन्ही परिणाम जात. असे व्हेगस कापलेला प्राणी सावकाश आणि खोल श्वास घेतो. म्हणजे एरवीचा उथळ, नियमित श्वास हा काही अंशी फुफ्फुसांनीच मेंदूला घातलेल्या मर्यादेचा परिणाम असतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हे वाचलेले असते आणि त्याखाली एक ओळ असते: प्रौढ माणसात ही प्रतिक्षिप्त क्रिया शांत श्वसनात काम करत नाही. ते बरोबरच आहे. प्रौढाचा नेहमीचा श्वास सुमारे ५०० मिलीचा असतो आणि ही क्रिया जागी व्हायला साधारण लिटरभर हवा आत जावी लागते. पण त्या एका ओळीमुळे आपण हा विषय परीक्षेपुरता ठेवून देतो. नवजात बाळात, विशेषतः अकाली जन्मलेल्या बाळात, हीच क्रिया नेहमीच्या श्वासातही कार्यरत असते. त्यांच्या श्वासाची लय तिच्यावर बरीच अवलंबून असते आणि पहिल्या वर्षभरात तिचा जोर हळूहळू ओसरत जातो.

आता त्या संध्याकाळचे चित्र पुन्हा मांडून पाहावे. सर्फॅक्टंटमुळे फुफ्फुसे मऊ झाली होती, म्हणजे पहिल्या दिवशी ७ सेंमी दाबाने जेवढी फुगत, त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी त्याच दाबाने कितीतरी अधिक फुगणार. उघड्या तोंडामुळे तो पूर्ण दाब पोहोचतच नव्हता, म्हणून दुपारपर्यंत निभावले. हनुवटीला पट्टी बांधली तेव्हा बाटलीवरचा आकडा ७ च राहिला, पण फुफ्फुसांवरचा प्रत्यक्ष दाब बहुधा तेव्हाच वाढला. रात्री एकला त्यात आणखी एका सेंटिमीटरची भर पडली. प्रवाह ८ लिटर केल्यामुळे नाकाशी असलेला दाब पाण्याच्या खोलीपेक्षाही थोडा जास्त झाला असणार, कारण बबल सीपॅपमध्ये प्रवाह वाढवला की असे होते. ग्राही सतत ताणलेले होते आणि प्रत्येक उच्छ्वास लांबत होता.

## विचारात घेतलेले पर्याय

निवासी डॉक्टर, सिस्टर आणि मी यांच्यात चार मार्गांवर बोलणे झाले.

पहिला मार्ग म्हणजे नळी घालून व्हेंटिलेटर लावणे आणि छत्रपती संभाजीनगरला पाठवणे. सुमारे तीन तासांचा रस्ता, १०८ ची रुग्णवाहिका आणि १,२८० ग्रॅमचे बाळ. आणखी एकदा बॅगची गरज पडली असती तर मी हाच मार्ग धरला असता आणि त्याची तयारी करून ठेवली होती.

दुसरा, दाब ८ वर ठेवून त्यावर यंत्राने ठरावीक अंतराने श्वास देणे. ॲप्नियात हे उपयोगी पडते, पण माझी शंका खरी असेल तर आधीच भरलेल्या फुफ्फुसात आपण आणखी हवा भरणार होतो.

तिसरा, जंतुसंसर्ग धरून औषधे बदलणे. अचानक वाढलेले विराम हे नवजातात संसर्गाचे पहिले लक्षण असू शकते आणि हे मी कधीही हलके घेत नाही. बाळ पहिल्या दिवसापासून प्रतिजैविकांवर होते. रक्ताचे कल्चर पुन्हा पाठवले, पण त्याच्या निकालाची वाट पाहत बसण्याइतका वेळ नव्हता.

चौथा मार्ग दाब कमी करण्याचा होता. निवासी डॉक्टरांनी स्पष्ट विरोध केला आणि त्यांचे म्हणणे योग्य होते: दाब कमी केला आणि फुफ्फुसे मिटली तर श्वास आणखी बिघडेल. शिवाय सीपॅपमुळे घसा उघडा राहतो आणि अडथळ्याने येणारे विराम कमी होतात, म्हणून विराम आला की दाब वाढवायचा ही सवय निराधार नाही. म्हणून दाबाला हात लावण्याआधी पुरावा हवा होता.

## केलेली कार्यवाही

आधी नाकातील स्राव काढला, नळ्या नीट बसल्याची खात्री केली आणि पोटातील हवा तोंडातून घातलेल्या नळीने काढली, कारण फुगलेले पोट श्वासपटलाला वर ढकलते. दिवा बंद करून छातीवर प्रकाश धरला, हवा साचल्याची खूण दिसली नाही. रक्तातील साखर ६४ होती, तापमान ३६.६ अंश.

मग पलंगावरच एक्स-रे घेतला. श्वासपटल मागच्या बाजूने मोजल्यावर दहाव्या बरगडीपर्यंत उतरलेले आणि सपाट झालेले होते, हृदयाची सावली बारीक दिसत होती. अशा बाळात आठव्या बरगडीच्या आसपास श्वासपटल असले की फुफ्फुस नीट फुगले असे म्हणतो. दहावी म्हणजे जास्त झाले.

रक्तातील वायूंच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड ५८ होता आणि पीएच ७.२४. याच आकड्यापाशी मी सर्वाधिक थांबलो. कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूने श्वास वेगाने घ्यायला लावायला हवे. इथे तो वाढूनही श्वास ३४ वर होता, म्हणजे काहीतरी त्या आज्ञेला रोखून धरत होते. अकाली बाळांचा कार्बन डायऑक्साइडला प्रतिसाद मुळातच मंद असतो, हे खरे. पण याच बाळाचा श्वास दुपारी ५८ होता. छाती भरलेल्या स्थितीत येणारे विराम, दहावी बरगडी आणि साध्या हवेवर ९७ ची पातळी या तीन गोष्टी एका दिशेला बोट दाखवत होत्या.

चार-चाळीसला प्रवाह ६ लिटर केला आणि सिस्टरनी नळी ८ वरून ७ च्या खुणेवर वर ओढली. एकदम ५ वर आणायचे नाही, प्रत्येक पायरीला किमान वीस मिनिटे थांबायचे आणि ऑक्सिजन ३० टक्क्यांवर गेला तर लगेच मागे फिरायचे, असे आधीच ठरवले होते. सिस्टर पलंगाशी उभ्या राहून घड्याळावर सलग तीन-तीन मिनिटे श्वास मोजत होत्या.

७ वर गती ४० झाली. विराम दोन आले, पण दोन्ही दहा सेकंदांच्या आत संपले. पाच-पाचला दाब ६ केला. गती ४६ झाली आणि साडेपाचला बारा सेकंदांचा एक विराम आला, त्यात ठोके पडले नाहीत. पाच-चाळीसला ५ केला. गती ५२ वर स्थिरावली आणि सकाळी अकरापर्यंत एकही विराम आला नाही. ऑक्सिजन २३ टक्क्यांपर्यंतच वाढवावा लागला. सात वाजताच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड ४७ होता, पीएच ७.३२. म्हणजे दाब कमी झाल्यावर कार्बन डायऑक्साइड उतरला आणि तरीही श्वासाची गती वाढलेली होती.

## परिणाम

तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे चांगले चालले आहे म्हणून दाब ४ करून पाहिला. पंधरा मिनिटांत श्वास ७४ वर गेला, बरगड्यांखाली ओढ पडू लागली, कण्हणे परत सुरू झाले आणि ऑक्सिजन ३० टक्क्यांवर न्यावा लागला. पुन्हा ५ केल्यावर वीस मिनिटांत गती ५६ झाली. फुफ्फुस फार मिटले की श्वास लवकर लवकर येतो ही त्याच शोधाची दुसरी बाजू आहे, जरी या वाढीत मिटलेल्या फुफ्फुसामुळे पडलेल्या श्रमाचाही वाटा असणार. या बाळासाठी त्या दिवशी ५ सेंमी ही बरोबर जागा होती. आदल्या दिवशी ती कुठे होती, हे आम्ही तपासलेच नव्हते.

कल्चर निर्जंतुक आले. सहाव्या दिवशी सीपॅप काढला. त्यानंतर बाळ आईच्या छातीला लावून ठेवण्यात आले आणि पाचव्या आठवड्यात १,६८० ग्रॅम वजनावर घरी गेले.

## निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

पहिली आणि सर्वांत मोठी चूक रात्री एकची नव्हती. ती पहिल्या रात्री दहाची होती, आणि तेव्हा कक्षाची जबाबदारी माझ्याकडे होती. ऑक्सिजन ४५ वरून २५ टक्क्यांवर येतो, म्हणजे फुफ्फुस मऊ झाले आहे, आणि मऊ झालेल्या फुफ्फुसाला तोच दाब जास्त होतो. ऑक्सिजन उतरताना आपण आनंदाने नोंद करतो आणि दाबाचा रकाना तसाच पुढे उतरवतो. आता सर्फॅक्टंट दिल्यापासून दोन तासांनी आणि नंतर प्रत्येक पाळीला, ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली असेल तर दाब एक पायरी कमी करता येईल का, हा प्रश्न नोंदवहीत लिहून उत्तर द्यायचे असे आम्ही ठरवले आहे.

दुसरी जागा हनुवटीची पट्टी. ती बांधायला हवीच होती. पण ती बांधणे म्हणजे दाब बदलणे आहे, हे कोणाच्याच मनात आले नाही आणि त्यामुळे नोंदवहीत तिची वेळ नव्हती. मला ती सिस्टरला विचारून कळली.

तिसरी जागा रात्री एकची. दाब वाढवण्याआधी एक्स-रे घेतला असता तर श्वासपटल तेव्हाही खाली दिसले असते, असे मला वाटते. त्याहून सोपे होते बाळाकडे दोन विराम होईपर्यंत पाहणे. छाती वर थांबते की खाली, हा प्रश्न आता आमच्या ॲप्नियाच्या तक्त्यात एक वेगळा रकाना आहे आणि तो भरताना आम्ही आईलाही विचारतो.

राहिलेली शंकाही नोंदवतो. हेरिंग-ब्रॉयर क्रिया नवजातात मोजण्याची रीत अशी: श्वास पूर्ण आत गेल्यावर नळीचे तोंड क्षणभर बंद करायचे आणि त्यानंतरचा उच्छ्वास नेहमीपेक्षा किती लांबला ते पाहायचे. आमच्याकडे तशी सोय नाही आणि आजारी बाळावर मी ते केलेही नसते. शिवाय आम्ही पोट रिकामे केले, प्रवाह कमी केला आणि दाब कमी केला, हे सगळे तासाभरात. कॅफिनची जादा मात्राही तोवर पोटात नव्हे, रक्तात होती. ती शिरेतून दिलेली असल्याने तिचा गुण चारच्या आत दिसायला हवा होता आणि त्या वेळात विराम उलट वाढले, म्हणून मी तिला श्रेय देत नाही. पण प्रत्येक सेंटिमीटरला गती एक-एक पायरी चढत गेली आणि ४ वर गेल्यावर ती पलीकडे निसटली, एवढ्यावरच मी हे निदान ठेवले आहे, आणि प्रकरणाच्या कागदावर त्यापुढे 'बहुधा' असा शब्द लिहिला आहे.